शीन, काफ, वाव

गोरेगावच्या जीप स्टँडवर मी एकदा पंधरा मिनिटं उभा राहिलो आणि मला कुठं जायचं हेच आठवेना. सेनगावची जीप भरून गेली. हिंगोलीची भरून गेली. दोन्ही ड्रायव्हरांनी "गुरुजी, बसा" म्हणून हाक मारली आणि दोघांनाही मी मोठ्या रुबाबात "पुढच्यानं येतो" म्हणून सांगितलं. हातात पिशवी होती, पिशवीत चष्म्याची तुटलेली काडी होती, म्हणजे हिंगोलीलाच जायचं होतं. पण हे पिशवीत बघितल्यावर कळलं. मी तसाच घरी परतलो आणि बायकोला सांगितलं, दुकान बंद होतं.

असं कोणालाही होतं, हे मलाही कळतं. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, विसरभोळी पोरं ढिगानं बघितली. पण माझा थोरला भाऊ लखमाअण्णा याचीही सुरुवात अशीच झाली होती. साखऱ्याला तो शेती बघायचा. आधी बैल कुठं बांधलाय ते विसरला, मग वार विसरला, आणि शेवटच्या वर्षी एकदा जेवताना समोर बसलेल्या जिवनबाई वहिनीला म्हणाला, "बाई, तुमी कोणाकडच्या? जेवल्याबिगर जाऊ नका." पन्नास वर्षांची बायको! वहिनीनं भाकरी वाढली आणि चुलीकडं तोंड फिरवून बसली. तिथं मी होतो, आणि माझी बायको शकूही होती. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधी एक शब्द बोललो नाही.

तर मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की माझ्या डोक्याचं लखमाअण्णा होतंय का नाही. डॉक्टरला विचारावं तर तो लगेच पुण्याला मुलाला, हरीशला फोन लावणार, आणि आमचा हरीश दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात. मला पुण्याच्या चौथ्या मजल्यावर बसून खालच्या गाड्या मोजायच्या नव्हत्या.

तेव्हा मी माझी परीक्षा माझ्या पद्धतीनं घ्यायची ठरवली. जमील टेलरच्या दुकानात एक कागद चिकटवलेला होता. हिंगोलीला एका वाचनालयात दर रविवारी उर्दूचा वर्ग, एक वर्षाचा, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र, वयाची अट नाही. शिकवणारी जमीलचीच लेक, कहकशा. ती चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती. मी मनाशी म्हटलं, हे प्रमाणपत्र मिळालं तर डोकं शाबूत. नाही मिळालं तर हरीशला आपणच फोन करायचा. हे कोणालाही सांगितलं नाही.

"उर्दू काहून पण?" शकूनं विचारलं. "आता सासष्टाव्या वर्षी नोकरी लागायची व्हय?"

"माझ्या बापाची चौथी उर्दूत झाली होती, निजामाच्या काळात," मी म्हणालो. ते खरं होतं. शिवाय वाटलं होतं, आपण बराबर, तकलीफ, हजर, नक्कल हे शब्द दिवसभर तोंडात घोळवतो, अर्धी उर्दू तर येतेच. राहिली ती अक्षरं. अक्षरं काय, हजारेक लेकरांना शिकवली आपण.

पहिल्या रविवारी माझी सगळी घमेंड उतरली. पुस्तक मागून उघडायचं. उजवीकडून वाचायचं. बे, पे, ते, से यांचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे ठिपक्यांचा. खाली एक तर बे, खाली तीन तर पे, वर दोन तर ते. हे कसंबसं ध्यानात येतंय तोवर कळलं, की अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेतं, मधे दुसरं आणि शेवटी तिसरं. त्यावर कडी म्हणजे, ऱ्हस्व स्वर बहुतेक लिहीतच नाहीत, आपण समजून घ्यायचे! वर्गात बाकी सगळी तिशीच्या आतली, दोन वकील, एक नर्स, बाकी कॉलेजची पोरं. ती भराभर लिहून राहिली होती आणि मी पेन्सिल घेऊन ठिपके मोजत होतो. घरी आलो तेव्हा डोकं इतकं भणभणलं होतं, की शकूनं पुढं ठेवलेल्या ताटात डावीकडचं काय आणि उजवीकडचं काय हेही मला दोनदा बघावं लागलं.

मग मी माझा हातखंडा प्रयोग काढला, पाठांतर. पाढे पाठ होतात तसं हे पाठ करायचं. रोज दीड तास वर्गातलं पहिलं पुस्तक, प्रवेशिका, समोर धरून, पुढंमागं डुलत, मोठ्यानं. सगळे धडे जमीलकडून वाचून घेतले आणि ऐकून ऐकून घोकले. चार महिन्यांत चाळीस पानं खडाखडा म्हणायला लागलो. वर्गात कहकशानं वाचायला उभं केलं की मी पुस्तकावर बोट ठेवून असा सुटायचो की वकीलसुद्धा माना वळवून बघायचे.

एका रविवारी वर्ग सुटल्यावर कहकशानं मला थांबवलं. सगळे गेले होते. तिनं प्रवेशिकेतलं सव्विसावं पान उघडलं, वरच्या चार ओळी वहीनं झाकल्या आणि मधल्या एका शब्दावर पेन्सिल ठेवली.

"गुरुजी, हा शब्द कोणता?"

मी बघितलं. ठिपके होते, रेघा होत्या. "वरची ओळ दाखव ना जरा," मी म्हणालो.

"वरची नाही. हा एकच."

मला तो वाचता आला नाही. तिनं दुसरा दाखवला, तोही नाही. तिसरा, चौथा. चार महिने ज्या पानावर मी बोट फिरवत होतो, त्यातला एक शब्द मला ओळखू येईना. झालं, मनात आलं, हेच ते. समोर असलेलं ओळखू येत नाही.

"कहकशा," मी म्हणालो, आणि जे शकूलाही सांगितलं नव्हतं ते या कालच्या पोरीपुढं तोंडातून निघून गेलं. "माझं डोकं चाललंय गं. माझ्या भावाचं गेलं तसं."

ती दचकली. म्हणाली, "गुरुजी, चाळीस पानं तुम्हाला तोंडपाठ आहेत?"

"आहेत."

"न बघता?"

"न बघता. म्हणून दाखवू?"

"मग डोकं गेलं कसं म्हणता? माझ्या त्या वकिलांना चार ओळी पाठ नाहीत." तिला हसू यायला लागलं होतं. "तुम्ही वाचायला शिकलाच नाहीत, तुम्ही पाढा केलाय. चौथीत मी सतराचा पाढा एका दमात म्हणायचे, तर तुम्ही काय करायचात? मधूनच विचारायचात, सतरा सत्ते? आणि मला येत नसलं की बाकावर उभं करायचात. पोपट म्हणायचात मला."

छत्तीस वर्षं ज्या चोरीसाठी पोरांचे कान धरले, तीच चोरी मी म्हातारपणी, पुस्तकावर बोट ठेवून, स्वतःपुढंच केली होती. मला बाकावर उभं राहावंसं वाटलं. पण गुडघे दुखतात.

तिनं माझ्या वहीवर तीन गोष्टी लिहून दिल्या. शायरी सोडा, वर्तमानपत्र सोडा, या तीनच धरा. स्वतःचं नाव आणि गाव लिहिणं, दुकानांच्या पाट्या वाचणं, आणि पाच ओळींचा सोपा उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं देणं. एवढं जमलं तर शंभरातले पन्नास मिळतात, पास व्हायला पस्तीस पुरतात.

"आणि दीड तास बसू नका, वीस मिनिटं बसा. पण रोज, एकाच वेळी, एकाच जागी."

मग चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, मागं त्याचा मराठी उच्चार. शब्द आपल्या घरातले, म्हणजे आठवायला सोपे. तीन डबे ठेवायचे. पहिल्या डब्यातल्या चिठ्ठ्या रोज काढायच्या, दुसऱ्यातल्या दर तीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या आठवड्यानं. चिठ्ठ्या आधी पिसायच्या, म्हणजे पाढा होत नाही. मागं बघण्याआधी मोठ्यानं वाचायचं. बरोबर आला की शब्द पुढच्या डब्यात, चुकला की परत पहिल्या. नवे शब्द दिवसाला चारच, आणि दमल्यासारखं वाटलं तर एकही नाही.

मी बिस्किटांचा, चहाचा आणि पेढ्यांचा असे तीन डबे ओसरीवरच्या फळीवर मांडले. सकाळी सातचा चहा झाला की तिथंच पोत्यावर बसायचं. पहिल्या तीन दिवसांत बारा चिठ्ठ्या केल्या: चहा, दूध, पाणी, शेत, गोरेगाव, हरीश, जमील असं काय काय. एक चिठ्ठी शकूला दाखवली.

"हे बघ, हे तुझं नाव. शीन, काफ, वाव. शीनवर हे तीन नुक्ते."

ती भाजी फोडणीला टाकून आली होती. पदराला हात पुसून तिनं चिठ्ठी घेतली आणि बराच वेळ बघत राहिली. शकूची चौथी झालेली आहे, वाचते ती, पण तिचं नाव तिला रेशनकार्डाशिवाय कुठं लिहिलेलं सापडायचं नाही. "एवढुसंच व्हय?" म्हणाली आणि परत दिली. कोपऱ्याला हळदीचं बोट उमटलं.

आणि खरंच जमायला लागलं. हळूहळू, चुकत, पण जमायला लागलं. चहा आणि हरीश दुसऱ्या डब्यात गेले. गोरेगावनं मला तीन आठवडे छळलं, मग तेही गेलं. हिंगोलीत उतरल्यावर एका हॉटेलची पाटी मी उभ्या उभ्या वाचली, पाच मिनिटं लागली, तोवर हॉटेलवाल्यानं दोनदा विचारलं, "चाचा, काय पाहिजे?" मला काही नको होतं. मला पाटी पाहिजे होती.

पण तेवढ्यात ती दुसरी भानगड सुरू झाली.

एका सकाळी पहिल्या डब्यातून शकूची चिठ्ठी निघाली. मला वाटलं, ही तर काल दुसऱ्या डब्यात टाकली होती. बरोबर वाचली, पुन्हा दुसऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या डब्यात. असेल बुवा, टाकायची राहिली असेल. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी ध्यान देऊन, मोठ्यानं "दुसऱ्या डब्यात" असं बोलून टाकली. चौथ्या दिवशी हजर.

मी मास्तर माणूस, पुरावा ठेवल्याशिवाय राहायचा नाही. दुसऱ्या डब्यात टाकताना चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीनं बारीक टिक करायला लागलो. सकाळी बघावं तर चिठ्ठी पहिल्या डब्यात आणि पाठीवर टिक. माझ्याच हातची. म्हणजे मी टाकली होती, हे पक्कं. मग मीच परत काढली? कधी? काहून? दोन टिका झाल्या, पाच झाल्या, अकरा झाल्या. बाकीच्या चिठ्ठ्या जिथल्या तिथं. तेवढी एकच फिरून येते, आणि तीही बायकोच्या नावाची!

जेवताना मी आडून विचारलं, "फळीवरच्या डब्यांना कोणी हात लावतं का गं?"

"झाडताना सरकवते मी. काहून?"

"काही नाही."

सरकवून काही चिठ्ठी डबा बदलत नाही. मी आणखी विचारणार होतो, पण मग अकरा टिकांचं सांगावं लागलं असतं, आणि त्यामागचं सगळंच. शकूकडं बघितलं की जिवनबाई वहिनी दिसायची, तोंड चुलीकडं फिरवलेली. कहकशाला विचारावं तर ती म्हणाली असती, चाळीस पानं पाठ आहेत ना? आहेत. पाठांतर आहे, वाचनही येतंय, आणि तरी मी काहीतरी करतो आणि केलेलं मला आठवत नाही. याला काय म्हणायचं? एक दिवस तर मी तिन्ही डब्यांना दोरा बांधला. संध्याकाळी शकूनं फळी पुसली आणि दोरे सोडून ठेवले, डबे धुवायचे होते म्हणे. मीच बांधले होते का, असंही क्षणभर वाटून गेलं. इतका गोंधळ.

असे तीन महिने गेले. परीक्षेचा रविवार उजाडला. जीप साडेआठची. मी सात वाजता चहा घेतला, सवयीनं पहिला डबा उघडला. वरच होती. हळदीचा कोपरा, पाठीवर टिकांच्या रांगा.

मी डबा बंद केला. "मी जात नाही," शकूला म्हणालो. "पोट बिघडलंय."

"पोहे तर दोन बश्या खाल्ले."

"जात नाही म्हटलं ना!"

मी ओरडलो. मग म्हणालो, म्हणावंच लागलं, "शकू, मला भ्या वाटून राहिलं. माझं अण्णासारखं होतंय. ही चिठ्ठी मी रोज त्या डब्यात टाकतो आणि सकाळी ती इथं असते. मीच काढतो, आणि मला ठाऊक नसतं. परीक्षा पास होऊन तरी काय करू? एक दिवस मी तुला विचारीन, बाई, तुमी कोणाकडच्या."

शकूनं हातातली कपबशी खाली ठेवली आणि पोत्याच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"ती चिठ्ठी मी टाकते," ती म्हणाली.

"काय?"

"रोज. तुमी दूध आणाया गेले की. हळदीचा कोपरा बघून काढते न् या डब्यात टाकते."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा असा संताप आला, की काय सांगू. "तीन महिने! अगं, वेड लागायची पाळी आली माझ्यावर! दोरे बांधले मी! अकराच्या ऐंशी टिका झाल्या! काहून केलंस हे?"

"मला काय ठाऊक तुमी मोजून राहिले म्हणून?" तीही चिडली. "तुमीच म्हणले, जे येतं ते तिकडल्या डब्यात, तीन दिवसांनी बघायचं, मग आठ दिवसांनी. माझं नाव आठ दिवसांनी? अण्णांनी जाऊबाईला आठ दिवसांत इसरलं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमी त्या दिशी इस्टँडवरून परत आले न् दुकान बंद म्हणले. दुकान काय मंगळवारी बंद असतंय? तवापासून मला बी भ्या वाटून राहिलं. म्हणलं, रोज सकाळी यांनी माझं नाव वाचावं. चूल फुकताना मला इथून ऐकू येतंय."

तिला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मी तिच्यापासून लपवत होतो, ती माझ्यापासून लपवत होती, आणि एका घरात दोघं दोन्ही टोकांना एकाच भीतीनं अर्धे होत होतो. मला लाज वाटली, आणि इतकं मोकळं वाटलं की हसू आलं. शकूला नाही आलं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"मग काय ऐकू आलं तुला?" मी विचारलं.

"रोज वाचली तुमी," ती म्हणाली. "एक बी दिवस चुकले न्हाई. आता उठा, जीप जाईल."

परीक्षा काही सोपी गेली नाही. नाव लिहिलं, गाव लिहिलं. पाट्या चारपैकी तीन आल्या. उतारा एका विहिरीबद्दल होता, त्यातल्या दोन शब्दांवर मी इतका अडकलो की शेवटचे दोन प्रश्न राहून गेले. तोंडी परीक्षेला परभणीहून एक बुजुर्ग आले होते. त्यांनी पुस्तक मधूनच उघडलं, मधल्याच ओळीवर बोट ठेवलं. पाढ्याची एक ओळसुद्धा कामाला आली नाही. एकेक अक्षर जोडत, घाम पुसत, मी ती ओळ वाचली. त्यांनी मान हलवली, तिचा अर्थ काय ते मला कळलं नाही.

दीड महिन्यानं निकाल लागला. शंभरात एकेचाळीस. कहकशा प्रमाणपत्र घेऊन घरी आली, तर जमीलनं ते लॅमिनेट करून आणायचा हट्ट धरला. माझं नाव उर्दूत छापलेलं आहे, ते मी कोणाच्या मदतीशिवाय वाचलं. हरीशला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "बाबा, याचा उपयोग काय?" मी म्हणालो, आहे थोडा.

माझं डोकं पुढं कसं राहील, हे या कागदावर लिहिलेलं नाही. परवाच चष्मा शोधत घरभर फिरलो आणि तो कपाळावर होता. तिसऱ्या डब्यात आता दीडशेवर चिठ्ठ्या झाल्यात, दर रविवारी त्या चाळायला वेळ लागतो. पण सकाळी सातला चहा झाला की मी बिस्किटांचा डबा उघडतो, सगळ्यात आधी हळदीच्या कोपऱ्याची चिठ्ठी काढतो आणि चुलीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचतो. शकूला आता ती हलवायला लागत नाही. वाचून झाली की मीच ती परत पहिल्या डब्यात टाकतो.